शेवटच्या स्लाइडवर ‘सोर्स : गुगल’

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात बी.एड. करते. भूगोलाच्या सेमिनारसाठी आम्ही चौघींनी मलप्रभेच्या पाण्यावर १४ स्लाइड आणि एक ए-१ पोस्टर केलंय, मराठीत. चित्रं नेटवरची आहेत, त्यातली नावं आम्ही मराठीत बदलली. मुद्दे एका इंग्रजी पीडीएफमधून भाषांतर करून घेतले, थोडे विकिपीडियाचे. टेम्प्लेट स्लाइड्सगोचं, पोस्टरचा साचा सीनियर ताईंच्या फाइलचा. शेवटच्या स्लाइडवर ‘सोर्स : गुगल, विकिपीडिया’ असं लिहिलंय. मॅडम म्हणतात हे चालणार नाही, जिथलं तिथं लिहा. सगळीकडे लिहिलं तर स्लाइड भरून जाईल की! नक्की कुठं, काय आणि किती लिहायचं?

उत्तर :

स्लाइड भरून जात नाही. श्रेयाची ओळ एकच असते आणि बारीक अक्षरात असते. फक्त ती उसन्या वस्तूच्या खाली हवी, १४ स्लाइड ओलांडून शेवटी नव्हे. शेवटची स्लाइड येते तेव्हा निम्मा वर्ग टाळ्या वाजवत असतो आणि उरलेला वायर गुंडाळत असतो. तिथली यादी कोण वाचणार? आणि वाचली तरी तिसऱ्या स्लाइडवरचं चित्र त्या यादीतल्या कुठल्या नावाचं, हे कळायला मार्ग नाही.

‘गुगल’ हा शब्द मात्र आजच पुसा. गुगल म्हणजे पत्ता सांगणारा माणूस. बसस्टँडवर कुणी अनगोळचा रस्ता दाखवला म्हणून अनगोळातलं घर त्याचं होत नाही. चित्र ज्या पानावर आहे त्या पानाचं आणि ज्यानं ते काढलं त्याचं नाव लागतं.

मी एकवीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय सांभाळतोय आणि दरवर्षी पोस्टरांचं परीक्षणही वाट्याला येतं. त्यात एक घोळ कायम दिसतो. मुलं दोन वेगळे हिशेब एकच समजतात. एक हिशेब परवानगीचा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला शिकण्या-शिकवण्याच्या ओघात एखादी गोष्ट उतरवून घ्यायची मोकळीक देतं. त्यामुळे वर्गातल्या सेमिनारसाठी कुणा चित्रकाराला पत्र लिहीत बसायची गरज नाही. दुसरा हिशेब श्रेयाचा : हे माझं आणि हे दुसऱ्याचं, हे बघणाऱ्याला सांगणं. पहिल्या हिशेबात सूट मिळाली म्हणून दुसरा माफ होत नाही. उदाहरण घ्या. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटिअरचा एकविसावा खंड बेळगाववर आहे, १८८४ चा. त्यावर आज कुणाचाही हक्क उरलेला नाही, अख्खा छापलात तरी कुणी विचारणार नाही. पण त्यातली नदीची माहिती तुमच्या मुद्द्यांत आली, तर खाली ‘गॅझेटिअर, बेळगाव खंड, १८८४’ लिहावंच लागतं. नाही तर एकशेचाळीस वर्षांपूर्वीचं निरीक्षण तुम्ही केलंत असं होईल.

जाता जाता, यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम आणि मजकूर किती जुळला याचे त्यातले ते १० टक्के, ४० टक्के कुणीतरी तुम्हाला सांगेल. ते नियम प्रबंध आणि प्रकाशित लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, कोर्सवर्क वगैरे त्यातून स्पष्टपणे वगळलंय. तुमच्या सेमिनारला लागू होतो तो तुमच्या कॉलेजचा आणि मॅडमचा नियम. ‘सर, १० टक्के चालतं की’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. एकच चित्र असलं आणि ते दुसऱ्याचं असलं, तर त्यात टक्के कुठून काढणार?

आता तुमच्या स्लाइडकडे येऊ. जलचक्राचं चित्र असेलच. पाण्यावरच्या प्रत्येक सेमिनारमध्ये ते असतं, आणि बहुतेक वेळा मूळ चित्र यूएसजीएस या अमेरिकी सरकारी भूविज्ञान संस्थेचं असतं. डोंगर, ढग, समुद्र, निळे बाण, हे चित्र कित्येक भाषांत फिरलंय. तुम्हाला ते मिळालं असेल एखाद्या क्लासच्या ब्लॉगवर, वर त्या क्लासचा शिक्का मारलेलं. ब्लॉगचं नाव लिहून मोकळं होऊ नका, ब्लॉगवाल्यानंही कुठून तरी उचललंय. चित्रावर राइट क्लिक करून गुगल लेन्समध्ये शोधा, नाही तर TinEye या साइटवर टाका आणि निकाल ‘Oldest’ नुसार लावा. सगळ्यात जुनी नोंद म्हणजे मूळच, असं नाही. ती त्या साइटला पहिल्यांदा कधी सापडली एवढंच त्यातून कळतं. पण धागा मिळतो. शिक्का नसलेली, मोठ्या आकाराची, बाजूला नाव असलेली प्रत दिसली की तिकडे जा.

मूळ सापडलं की ओळ अशी होते :

आकृती १. जलचक्र. मूळ चित्र : यूएसजीएस, पब्लिक डोमेन. बदल : नावं मराठीत घातली, भूजलाचे दोन बाण काढले.

‘बदल’ हा शब्द गाळू नका. आपल्या भागात तर मुळीच नाही. इंग्रजी किंवा कन्नड चित्र घेऊन त्यावर पांढरे चौकोन टाकून मराठी नावं लिहायची, हे आपण सगळेच करतो, कारण मराठी माध्यमाच्या पोरांसमोर दुसरं काय ठेवणार? पण नावं बदलली म्हणून चित्र आपलं होत नाही, आणि नावं बदलली हे सांगितलं नाही तर भाषांतरातली चूक मूळ चित्रकाराच्या माथी जाते. एका पोस्टरवर ‘इन्फिल्ट्रेशन’च्या जागी ‘झिरपा’ हवं होतं, तिथं ‘घुसखोरी’ आलं होतं आणि खाली नाव मात्र परदेशी संस्थेचं. डिक्शनरीनं दिलेला अर्थ चूक नव्हता म्हणा, सीमाभागात तो आधी सुचतही असेल. पण त्या संस्थेनं पाण्याला घुसखोर म्हटलेलं नाही.

फोटोंचं वेगळं. गोकाकच्या धबधब्याचा फोटो लावलाय असं धरतो. घटप्रभेचा धबधबा मलप्रभेच्या सेमिनारमध्ये काय करतोय, हा प्रश्न मॅडम विचारतीलच, तयारी ठेवा. विकिमीडिया कॉमन्सवर तो फोटो उघडला की ‘More details’ वर क्लिक करा. फाइलचं पान उघडतं. तिथं ‘Author’ समोर नाव असतं आणि खाली परवाना, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा CC BY-SA 4.0 वगैरे. तुम्हाला चार गोष्टी लागतात : फोटोचं नाव, काढणाऱ्याचं नाव (टोपणनाव असलं तर टोपणनावच), तो कुठं आहे, आणि परवाना. कापला असेल, रंग बदलला असेल तर तेही. CC परवान्यात श्रेय माध्यमाला शोभेल अशा रीतीनं द्या एवढंच म्हटलंय. म्हणजे परवान्यापुरतं बघितलं तर शेवटच्या स्लाइडवर प्रत्येक फोटोचा क्रमांक घालून केलेली यादीही चालून जाते. मॅडमना चालणार नाही, आणि मलाही नाही. पण ‘कायद्यानं गुन्हा’ वगैरे धास्ती घेऊ नका.

त्याच पानावर एक गोष्ट तपासा. ‘Own work’ लिहिलंय, पण फोटो जेमतेम ५०० पिक्सेलचा आहे आणि तळाशी ‘Metadata’मध्ये कॅमेऱ्याची काहीच नोंद नाही, तर तो कुणीतरी दुसरीकडून आणून चढवलेला असू शकतो. शंका आली तर सोडून द्या. गोकाक काय लांब आहे? रविवारी जाऊन मोबाइलवर काढा आणि खाली ‘छायाचित्र : आम्ही’ लिहा.

SA म्हणजे ‘त्याच अटीवर पुढं द्या’. या अटीला मुलं उगाच घाबरतात. SA परवान्याचा फोटो पोस्टरवर नुसता लावला तर सगळं पोस्टर त्या परवान्याखाली येत नाही. पण SA चं चित्र घेऊन त्यावर मराठी नावं घातलीत आणि ते बाहेर दिलंत, तर ते बदललेलं चित्र त्याच परवान्यानं द्यावं लागतं. ज्या परवान्यात ND आहे, त्यात बदललेलं चित्र बाहेर देण्याची मुभाच नाही. वर्गात दाखवणं वेगळं आणि तेच चित्र यूट्यूबवर किंवा कॉलेजच्या वेबसाइटवर चढवणं वेगळं, कारण कलम ५२ ची सवलत तिथवर ताणता येत नाही. म्हणून मराठी नावं घालायचीच असतील तर ND चं चित्र घेऊच नका.

नकाशाबद्दल दोनच वाक्यं. गुगल अर्थवरून खानापूर तालुक्याचा तुकडा घेतला असेल, तर तळाशी बारीक अक्षरात गुगलचं आणि उपग्रह-चित्र पुरवणाऱ्या कंपनीचं नाव येतं. तेच नेमकं तुम्ही ‘घाण दिसते’ म्हणून कापता. कापू नका, तेच तुमचं श्रेय आहे आणि गुगलची अटही तीच आहे.

आलेखाचं मात्र नीट समजून घ्या. पीडीएफमधला पावसाचा आलेख स्क्रीनशॉट काढून लावलात तर आलेखही त्यांचा आणि आकडेही त्यांचे. त्यातले आकडे वाचून तुम्ही एक्सेलमध्ये नवीन खांब काढलेत, तर आलेख तुमचा, आकडे त्यांचे. आणि त्यांनी ते आकडे हवामान खात्याकडून घेतले असतील, तर आकडे खात्याचे, तुम्ही वाचलेत त्यांच्या लेखात. कणकुंबीत कोसळणारा पाऊस आणि अथणीत जेमतेम पडणारा पाऊस शेजारी शेजारी दाखवणारा आलेख चांगलाच असेल, पण खाली लिहा : ‘आकडे : हवामान विभाग, अमुक यांच्या लेखातून (पृ. ७). आलेख : आम्ही.’ हवामान विभागाची साइट तुम्ही उघडलीच नाही, तर तिचं एकटीचं नाव टाकू नका. विकिपीडियाच्या तळाशी असलेल्या पुस्तकांची नावं उचलून स्वतःच्या संदर्भयादीत घालणं हाच प्रकार. तोंडी परीक्षेत ‘हे पुस्तक कुठं मिळालं?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

आता मुद्दे, म्हणजे बुलेट. इथं सगळ्यात जास्त गफलत होते, कारण तिथं तुम्हाला आपण काही घेतलंय असं वाटतच नाही. चित्र उचललेलं दिसतं, मुद्दा दिसत नाही.

समजा पीडीएफमध्ये इंग्रजीत अशा अर्थाचं वाक्य आहे : घाटमाथ्यावरचा पाऊस तीव्र उतारावरून वेगानं वाहून जातो, त्यामुळे त्याला जमिनीत मुरायला वेळ मिळत नाही, आणि म्हणून भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी आटतात. तुमच्या स्लाइडवर ते असं येतं :

– तीव्र उतार, पाणी वेगाने वाहते
– मुरण्यास वेळ कमी
– पाऊस भरपूर, तरी उन्हाळ्यात विहिरी कोरड्या

तुम्ही म्हणाल, सर, एक शब्द तरी त्यांचा आहे का? भाषाच वेगळी आहे. खरंय. पण कारण, परिणाम आणि त्यांचा क्रम, हा सांगाडा पूर्ण त्यांचा आहे. भाषांतरानं शब्द बदलतात, विचार कुणी केला ते बदलत नाही. पीडीएफ मराठी असली तरी असाच समज होतो. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमधल्या फाइलीतून मजकूर कॉपी केला की नुसती गिचमिड उमटते, मग तुम्ही तो बघून बघून परत टाइप करता. चार तास टाइप केल्यावर तो आपलाच वाटायला लागतो. मेहनत तुमची, वाक्य त्यांचं.

प्रत्येक बुलेटमागे कंस लावत बसू नका, ते खरोखरच वाचवत नाही. तीनही मुद्दे एकाच ठिकाणाहून आले असतील तर स्लाइडच्या तळाशी एक ओळ : ‘मुद्दे व क्रम : अमुक, २०१५, पृ. ४२ वरून, भाषांतर आमचं.’ त्यातला तिसराच मुद्दा तुमचा असेल, म्हणजे तुम्ही गावातल्या विहिरी बघून लिहिला असेल, तर ‘मुद्दे १ व २ : अमुक, मुद्दा ३ : आमची पाहणी, मार्च’. या ओळीचा खरा फायदा इथं आहे. उसनं वेगळं दाखवलं की तुमचं आपोआप उठून दिसतं. मी मागे एका गटाला विचारलं, ‘हे विहिरीचं कुठल्या पुस्तकातलं?’ पोरगी म्हणाली, ‘पुस्तकातलं न्हवं सर, आमच्याच परड्यातली विहीर. बाबांनी दोरी टाकून मोजलं.’ तो त्यांच्या सगळ्या स्लाइडमधला सर्वांत चांगला मुद्दा होता, आणि तो भाषांतरित मुद्द्यांच्या रांगेत तिसऱ्या नंबरवर, कुणाचं लक्ष जाणार नाही असा पडला होता.

शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर अवतरणचिन्हं टाका, बुलेट असला तरी. व्याख्येच्या बाबतीत तर टाकाच. सलग पाच-सहा शब्द मूळाशी जुळले की मी तरी ते उचललेलं धरतो. हा माझा अंदाज, नियम नव्हे.

आणि काय लिहायची गरज नाही तेही सांगतो. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते, सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थला तिच्यावर धरण आहे, हे आपल्या भागातल्या कुठल्याही भूगोलाच्या मास्तरला ठाऊक आहे. याला श्रेय लागत नाही. पण नदीची लांबी ३०४ किलोमीटर म्हटलंत की तो आकडा कुणीतरी मोजलेला असतो, मग कुठं वाचला ते लिहा. जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ लिहिलीत, तर ‘जनगणना २०११’ हे दोन शब्द हवेतच, नाही तर बघणारा तो आजचा आकडा समजेल.

विकिपीडियाचे मुद्दे मात्र मला लांबूनच ओळखू येतात. स्लाइडवर मध्येच चौकटी कंसात [4] किंवा [12] असा निळसर आकडा राहिलेला असतो. तो तिथल्या तळटीपेचा आकडा असतो आणि तो कॉपीबरोबर येतो. तो पुसून टाकणं हा उपाय नाही. विकिपीडियाचा मजकूर CC BY-SA 4.0 खाली आहे, वापरायला पूर्ण मोकळा. लेखाचं नाव, कुठल्या भाषेतला विकिपीडिया आणि कुठल्या तारखेला बघितला ते लिहा, कारण तो लेख उद्या बदलेल. मराठी, कन्नड आणि इंग्रजी विकिपीडियात एकाच नदीवर तीन वेगळे लेख असतात आणि ते एकमेकांशी जुळतातच असं नाही, म्हणून भाषेचा उल्लेख महत्त्वाचा.

यालाच जोडून, आपल्याकडची एक अडचण. संदर्भाचं नाव भाषांतर करू नका. कन्नड पुस्तकाचं नाव उच्चाराप्रमाणे देवनागरीत उतरवा आणि पुढं ‘कन्नड’ लिहा. मराठी करून टाकलंत तर ते पुस्तक कुणालाच ग्रंथालयात सापडायचं नाही, मला तर नाहीच. तसंच नोव्हेंबर २०१४ च्या आधीच्या इंग्रजी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘बेलगाम’ असतं, नंतरच्या सरकारी कागदांवर ‘बेळगावी’. आपण काय म्हणतो हा मुद्दा वेगळा. पुस्तकाच्या नावात जे छापलंय तेच लिहायचं, तिथं सीमाप्रश्न आणू नका.

टेम्प्लेटचं सोपं आहे. पॉवरपॉइंटमध्ये आधीपासून असलेल्या थीमला श्रेय लागत नाही. स्लाइड्सगोचं फुकट टेम्प्लेट घेतलंत तर लागतं, आणि ते त्यांनी तुम्हाला आयतंच लिहून दिलेलं असतं. शेवटच्या ‘Thanks’ स्लाइडवर Slidesgo, Flaticon, Freepik ही नावं आणि खाली ‘Please keep this slide for attribution’ असं असतं. तुम्ही ती स्लाइड डिलीट करून तिथं गुलाबाचं फूल आणि ‘धन्यवाद’ टाकलंत ना? फूल राहू दे. खाली एक ओळ परत घाला : ‘टेम्प्लेट : Slidesgo, आयकॉन : Flaticon, चित्रं : Freepik.’ हे एकच श्रेय शेवटच्या स्लाइडवर शोभतं, कारण टेम्प्लेट सगळ्या स्लाइडना मिळून असतं.

सीनियर ताईंच्या साच्याचं प्रकरण याहून नाजूक. रंग आणि चौकटी घेतल्या असतील तर ताईंना विचारा, कोपऱ्यात ‘मांडणी : मागच्या बॅचच्या पोस्टरवरून’ लिहा, झालं. पण बहुधा तुम्ही शीर्षकंही तीच ठेवलीत : उगम, खोरे, समस्या, उपाय. आणि ‘उपाय’खालचे चार मुद्दे? ते टेम्प्लेट नव्हे, तो ताईंचा मजकूर. तो पुस्तकाइतकाच उसना आहे आणि पुस्तकासारखंच श्रेय मागतो. शक्य असेल तर ती चौकट रिकामी करून नव्यानं भरा. दुसऱ्याच्या फाइलवर काम केलं की काहीतरी मागे राहतंच. फाइल मेन्यूतल्या ‘Info’मध्ये ‘Author’ म्हणून ताईंचं नाव दिसतं. स्लाइडखालच्या नोट्समध्ये त्यांचं भाषण राहतं. मी पाहिलेल्या एका फाइलीत चिकोडीवरच्या सेमिनारच्या नोट्समध्ये ‘आता आपण निपाणीकडे वळू’ असं राहिलं होतं, आणि मुलगी ते प्रोजेक्टरवर बघून मोठ्यानं वाचत होती. निपाणी तिच्या सेमिनारमध्ये कुठंच नव्हती. नाव पुसून हे लपवण्यापेक्षा कोपऱ्यातली ती एक ओळ लिहिणं कमी कष्टाचं आहे.

आता आकार. स्लाइडवर श्रेयाची ओळ १० ते १२ पॉइंटची, चित्राच्या लगेच खाली, डावीकडे. मागच्या बाकावरून वाचता नाही आली तरी चालते, पण ती आहे हे दिसलं पाहिजे आणि फाइल हातात घेणाऱ्याला वाचता आली पाहिजे. पोस्टरचं तसं नाही. पोस्टर भिंतीवर एकटं असतं, शेजारी उभं राहून सांगायला तुम्ही दरवेळी नसता, आणि त्याला ‘शेवटची स्लाइड’ही नसते. ए-१ म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. मजकूर २४ ते २८ पॉइंटचा असेल तर श्रेय १६-१८ पॉइंटचं ठेवा, काळ्याच रंगात. फिकट राखाडी स्क्रीनवर छान दिसतो आणि फ्लेक्सवर नाहीसा होतो. सगळे संदर्भ क्यूआर कोडमध्ये घालायची फॅशन आलीये. लांबलचक यादीसाठी ठीक आहे, पण चित्राखालची ओळ त्यात ढकलू नका. मोबाइल काढून स्कॅन करणारा परीक्षक मी अजून बघितलेला नाही, मी स्वतःही करत नाही.

शेवटी छपाईचं, कारण तिथं मी स्वतः फसलोय. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयाचं एक पोस्टर मी शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडे दिलं. त्यातला धबधब्याचा फोटो ८०० पिक्सेल रुंद होता आणि पोस्टरवर तो २० सेंटिमीटर रुंद लावायचा होता. हिशेब केला तर इंचाला जेमतेम १०० ठिपके पडतात, म्हणजे जवळून फाटल्यासारखा दिसणारच. त्या मुलानं चांगल्या मनानं नेटवरून दुसरा मोठा, झकास फोटो शोधून तिथं बसवला. श्रेयाची ओळ मात्र माझीच, तशीच ठेवली. पोस्टर दोन दिवस भिंतीवर होतं. एकाचा फोटो आणि खाली दुसऱ्याचं नाव! श्रेय नसण्यापेक्षा हे वाईट, कारण ते खरं वाटतं. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं, तेही कुणीतरी ‘सर, या फोटोत पाणी वेगळंच दिसतंय की’ म्हणाल्यावर.

म्हणून फाइल पीडीएफ करूनच द्या, उघडी पीपीटी नको. चारही बाजूंनी किमान १५ मिलिमीटर जागा सोडा, कारण कडा कापताना तळाची ओळच आधी जाते. आणि छापायच्या आधी प्रूफ स्क्रीनवर शंभर टक्के आकारात मागून घ्या. एकेक चित्र, खालची ओळ, परत चित्र, असं बोट ठेवून बघा. चौघी आहात तर एकीनं ओळ मोठ्यानं वाचायची आणि दुसरीनं चित्र बघायचं. तुमच्या पोस्टरवर सहा-सात चित्रं असतील, दहा मिनिटांचं काम आहे. दुकानदार ‘होय मॅडम, सगळं बरोबर हाय’ म्हणेल, तरी बघा.